परिणाम कारणाच्या आधी येत नाही, मग वास्तव आणि काल्पनिक भाग एकमेकांना बांधले का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फूरिये ट्रान्सफॉर्म एकदा शिकून झालेला आहे, पण क्रेमर्स–क्रोनिग हे नाव आलं की फक्त सूत्र पाठ आहे, अशा वाचकांसाठी हे पान आहे. पुढे उदाहरण म्हणून साधं आरसी सर्किट घेतलं आहे, आणि नंतर सर्किट बोर्डाचा हिरवा एफआर-४ पत्रा. सिस्टीमच्या प्रतिसादाच्या वास्तव आणि काल्पनिक भागांमधलं हे नातं नुसतं कागदावरचं नाही, हे तिथे सर्वांत लवकर पटतं.

हे नातं नेमकं काय सांगतं?

एखाद्या लिनियर, काळानुसार न बदलणाऱ्या सिस्टीमचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स H(ω) = R(ω) + jX(ω) असा लिहा. R हा वास्तव भाग, X हा काल्पनिक भाग. सिस्टीम स्थिर असेल आणि इनपुट येण्याआधी आउटपुट देत नसेल, तर:

X(ω) = −(2ω/π) P∫₀^∞ R(ω′) / (ω² − ω′²) dω′

R(ω) = R(∞) + (2/π) P∫₀^∞ ω′X(ω′) / (ω² − ω′²) dω′

P म्हणजे इंटिग्रल मुख्य मूल्याच्या अर्थाने घ्यायचं; त्यावर पुढे वेगळा प्रश्न आहे. इथे H(ω) = ∫h(t)e^(−jωt)dt अशी विद्युत अभियंत्यांची पद्धत धरली आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत घातांकाचं चिन्ह बहुधा उलटं असतं, त्यामुळे तिथे X चं चिन्हही उलटं दिसेल. दोन पुस्तकं समोर ठेवून चिन्हं जुळत नाहीत म्हणून डोकं धरणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

सूत्राचा अर्थ असा: सगळ्या फ्रिक्वेन्सींवरचा R माहीत असेल तर X वेगळा मोजायची गरज नाही. आणि तुम्ही मनाला येईल तो R आणि मनाला येईल तो X एकत्र ठेवलेत, तर अशी सिस्टीम जगात कुठेही असू शकत नाही.

पण काळाबद्दलची एक अट फ्रिक्वेन्सीतल्या दोन भागांना कशी बांधते?

सगळं मर्म इथेच आहे, आणि त्यासाठी कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस लागत नाही. सिस्टीमला t = 0 ला एक क्षणिक धक्का द्या. तिचा प्रतिसाद h(t), म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. परिणाम कारणाच्या आधी येत नाही, याचा गणिती अर्थ एवढाच: t < 0 साठी h(t) = 0.

कोणतंही फलन सम आणि विषम अशा दोन तुकड्यांत फोडता येतं. h(t) चा सम तुकडा e(t) आणि विषम तुकडा o(t) म्हणू. फूरिये ट्रान्सफॉर्म घेतला की सम तुकडा बरोबर R(ω) देतो आणि विषम तुकडा jX(ω) देतो. h वास्तव असला की हे नेहमीच खरं असतं. कारण-परिणामाचा इथे अजून संबंध आलेला नाही. साधारण सिग्नलसाठी e आणि o पूर्ण स्वतंत्र असतात, म्हणून R आणि X सुद्धा स्वतंत्र असतात.

आता अट लावा. ऋण काळात e आणि o ची बेरीज शून्य यायला हवी. म्हणजे तिथे o(t) = −e(t). विषम फलनाचं धन काळातलं मूल्य ऋण काळातल्या मूल्याच्या उलट असतं आणि सम फलनाचं तेच असतं, त्यामुळे धन काळात आपोआप o(t) = e(t) होतं. दोन्ही एका ओळीत:

o(t) = sgn(t) · e(t)

स्वातंत्र्य संपलं. सम तुकडा कळला की विषम तुकडा कळला. आता दोन्ही बाजूंचा फूरिये ट्रान्सफॉर्म घ्या. काळात गुणाकार म्हणजे फ्रिक्वेन्सीत कन्व्होल्यूशन, आणि sgn(t) चा ट्रान्सफॉर्म 2/(jω) आहे. तेव्हा jX(ω) म्हणजे R चं 1/(jπω) शी कन्व्होल्यूशन:

X(ω) = −(1/π) P∫ R(ω′)/(ω − ω′) dω′, इंटिग्रल −∞ ते ∞

याला हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म म्हणतात. R सम आहे हे वापरून इंटिग्रल फक्त धन फ्रिक्वेन्सींवर आणलं की वरचं पहिलं सूत्र मिळतं. इंटिग्रल का आलं, याचं उत्तरही इथेच आहे. काळाच्या अक्षाला t = 0 वर कापणं ही धारदार क्रिया आहे, आणि काळात जे धारदार असतं ते फ्रिक्वेन्सीत पसरतं. म्हणून एका ω वरचा X हा सगळ्या फ्रिक्वेन्सींवरच्या R वर अवलंबून राहतो.

हे हाताने करून दाखवता येईल का?

आरसी लो-पास सर्किट घ्या आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून RC = 1 धरा. इम्पल्स रिस्पॉन्स h(t) = e^(−t), t > 0 साठी. सम तुकडा ½e^(−|t|), विषम तुकडा तोच, पण ऋण काळात चिन्ह उलटं. t = 1 ला h = ०.३६८ आहे, त्यातले ०.१८४ सम तुकड्याचे आणि ०.१८४ विषम तुकड्याचे. t = −1 ला सम तुकडा ०.१८४, विषम −०.१८४, बेरीज शून्य. नातं तयार होताना दिसतं ते या चार आकड्यांत.

सम तुकड्याचा ट्रान्सफॉर्म R(ω) = 1/(1+ω²). याचा हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म ω/(1+ω²) हे प्रमाणित उत्तर आहे, म्हणून X(ω) = −ω/(1+ω²). आणि R + jX ची बेरीज केली की 1/(1+jω) येतं, म्हणजे सर्किटच्या पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलेलं सूत्र. X साठी आपण कपॅसिटरचा विचारही केला नाही. फक्त R आणि 'धक्क्याआधी प्रतिसाद नाही' एवढंच वापरलं.

ω′ = ω ला छेद शून्य होतो. मग इंटिग्रल फुटत नाही का?

फुटलं असतं, पण दोन्ही बाजूंची अनंतं विरुद्ध चिन्हांची आहेत. ω च्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर सोडून इंटिग्रल घ्यायचं आणि मग ते अंतर शून्याकडे न्यायचं. दोन्ही बाजूंचे मोठे आकडे एकमेकांना खातात. मुख्य मूल्य म्हणजे हेच.

संगणकावर करताना याहून सोयीची युक्ती आहे. R जर सगळीकडे स्थिर असेल तर P∫₀^∞ dω′/(ω² − ω′²) शून्य येतं. म्हणून अंशात R(ω′) च्या जागी R(ω′) − R(ω) लिहिलं तरी उत्तर बदलत नाही, आणि आता ω′ = ω ला अंशही शून्य होतो. इंटिग्रल साध्या सिम्पसनच्या नियमानेही नीट निघतं.

याच गोष्टीतून अजून एक कळतं. स्थिर R काहीच X देत नाही. X तयार होतो तो R च्या बदलामुळे. इंटिग्रल बाय पार्ट्स करून हे उघड लिहिता येतं: u = ln(ω′/ω) घेतलं की X(ω) = (1/π)∫ (dR/du) · ln coth(|u|/2) du. यातला ln coth हा भाग u = 0 जवळ उंच आहे आणि दोन्हीकडे झपाट्याने उतरतो. R लॉगरिदमिक अक्षावर संथ बदलत असेल तर ढोबळमानाने X ≈ (π/2) · dR/d(ln ω). हे ढोबळ सूत्र पुढे एफआर-४ ला लागेल. आरसी सर्किटला मात्र लावू नका: ω = 1 ला ते −०.७८५ देतं आणि खरं उत्तर −०.५ आहे, कारण तिथे R संथ बदलत नाही.

दुसऱ्या सूत्रात R(∞) का जोडावा लागतो? पहिल्यात तर असं काही नाही.

t = 0 ला नेमका बसलेला डेल्टा सम असतो. त्याला विषम जोडीदार नाही, म्हणून X मध्ये त्याचा काहीच मागमूस राहत नाही. तोच R(∞) आहे: इनपुटसरशी, शून्य वेळात दिलेला प्रतिसाद. X वरून R काढताना तो वेगळा द्यावाच लागतो. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ε = ε′ − jε″ असा लिहिला की हाच ε∞.

उलट दिशेचा एक खड्डा आहे. पदार्थात डीसी विद्युत वहन असेल, पाण्यात मीठ असतं तसं, तर ε″ मध्ये वाहकता σ मुळे σ/(ωε₀) असं पद येतं आणि ω = 0 ला ते अनंताला जातं. इंटिग्रल लावण्याआधी ते वजा करा, नंतर परत जोडा. हे विसरलं आणि डेटा खाली कुठेतरी कापलेला असला, की कमी फ्रिक्वेन्सीवर ε′ ची उत्तरं भलतीच येतात.

कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसचा मार्ग वेगळा काही सांगतो का?

गोष्ट तीच, भाषा दुसरी. h(t) फक्त धन काळात असला की H(ω) च्या व्याख्येत ω ला ऋण काल्पनिक भाग दिला तर e^(−jωt) वाढत्या t सोबत विरत जातो. म्हणून खालच्या अर्ध्या प्रतलात H कुठेही फुटत नाही. तिथे तो अ‍ॅनालिटिक असतो. मग कॉशीचं सूत्र लावून वास्तव अक्षावरचं मूल्य वास्तव अक्षावरच्याच इंटिग्रलने लिहिता येतं आणि त्याचे दोन भाग वेगळे केले की तीच दोन सूत्रं मिळतात.

या वाटेचा खरा फायदा उलट विधानात आहे. टिचमार्श यांच्या प्रमेयानुसार, H वर्ग-समाकलनीय असेल तर तीन गोष्टी समतुल्य आहेत: h ऋण काळात शून्य असणं, H अर्ध्या प्रतलात योग्य अर्थाने अ‍ॅनालिटिक असणं, आणि R, X एकमेकांचे हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म असणं. म्हणजे नातं पाळलं गेलं तर सिस्टीम कारण-परिणामाचा क्रम पाळते, याची खात्री दोन्ही दिशांनी मिळते.

ही नावं कुठून आली?

राल्फ क्रोनिग यांनी १९२६ मध्ये क्ष-किरणांच्या डिस्पर्शनवर काम करताना हे नातं मांडलं, हेंड्रिक क्रेमर्स यांनी १९२७ मध्ये कोमो इथल्या परिषदेत. दोघांचा प्रश्न सर्किटचा नव्हता. अणू प्रकाश किती शोषतात यावरून अपवर्तनांक काढता येईल का, हा होता. सर्किटच्या जगात हेन्री बोडे यांनी १९४५ च्या पुस्तकात गेन आणि फेजसाठी तशीच सूत्रं सविस्तर दिली. दोन्ही परंपरा आज एकाच विद्यार्थ्याला वेगवेगळ्या सेमिस्टरमध्ये शिकवल्या जातात आणि त्या एकच आहेत हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही.

प्रत्यक्ष कामात याने कुठे अडतं?

सर्किट बोर्डावर. एफआर-४ च्या डेटाशीटवर साधारण असं लिहिलेलं असतं: डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.२, लॉस टॅन्जंट ०.०२, १ गिगाहर्ट्झला. नवा माणूस हे दोन्ही आकडे सिम्युलेटरमध्ये घालतो आणि सगळ्या फ्रिक्वेन्सींना तेच लागू करतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एकत्र, सगळीकडे स्थिर, असे ते असूच शकत नाहीत.

ε = ε′ − jε″ लिहिलं की ε″ = ४.२ × ०.०२ = ०.०८४. लॉस आहे, आणि तो बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट आहे. मग नात्यानुसार ε′ ला उतरावंच लागतं. वरचं ढोबळ सूत्र उलटं वापरा: dε′/d(ln ω) ≈ −(2/π)ε″. फ्रिक्वेन्सी दहापट झाली की ln ω २.३०३ ने वाढतो, म्हणून दर दहापटीला ε′ अंदाजे ०.१२ ने घटतो. १ गिगाहर्ट्झला ४.२ असेल तर १०० मेगाहर्ट्झला ४.३२ आणि १० गिगाहर्ट्झला ४.०८.

हा फरक किरकोळ वाटतो ना? ३० सेंटिमीटरचा ट्रेस घ्या, दोन्ही बाजूंनी डायइलेक्ट्रिकमध्ये गाडलेला. निर्वातात प्रकाशाला एवढं अंतर कापायला १ नॅनोसेकंद लागतो. इथे वेळ √ε′ पट. १०० मेगाहर्ट्झच्या घटकाला २.०७९ नॅनोसेकंद, १० गिगाहर्ट्झच्या घटकाला २.०२०. फरक ५९ पिकोसेकंद. १० गिगाबिट प्रति सेकंद लिंकवर एका बिटची रुंदी १०० पिकोसेकंद असते, म्हणजे अर्ध्या बिटाहून जास्त. स्थिर ε′ च्या मॉडेलमध्ये ही तफावत शून्य आहे.

चुकीचं मॉडेल काळात बघितलं तर काय दिसतं?

हे बघण्यासारखं आहे. ε′ आणि लॉस टॅन्जंट दोन्ही स्थिर असले तर ट्रेसचा रिस्पॉन्स, स्किन इफेक्ट सोडून, जवळजवळ e^(−a|ω|) · e^(−jωT) असा होतो. इथे T = २.०५ नॅनोसेकंद हा विलंब, आणि a = T × ०.०२/२ = २०.५ पिकोसेकंद. याचा इम्पल्स रिस्पॉन्स:

h(t) = (a/π) / (a² + (t − T)²)

म्हणजे T भोवती अगदी सममित टेकडी, दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत पसरलेली. डाव्या बाजूचा उतार t = 0 ओलांडून मागे जातो. किती भाग मागे आहे? (1/π)·arctan(a/T), म्हणजे जवळपास ०.३ टक्के. इनपुट देण्याआधीच एवढा सिग्नल पोचलेला! गंमत म्हणजे a/T हे लॉस टॅन्जंटचं निम्मं आहे, त्यात लांबी येतच नाही. ट्रेस मिलिमीटरचा असो की मीटरचा, चोरी तेवढीच.

प्रकाशही जिथवर पोचलेला नाही, म्हणजे १ नॅनोसेकंदाच्या आत, असा भाग मोजला तर तो ०.६ टक्के निघतो. पण व्यवहारात आधी नजरेत भरतं ते टेकडीचं रूप. खऱ्या ट्रेसचा प्रतिसाद डावीकडून उभा चढतो आणि उजवीकडे लांब शेपूट सोडतो. मॉडेलचा दोन्हीकडे सारखा. सिम्युलेशनमध्ये पल्सचा पाय चढाच्या आधीच हळूहळू वर येताना दिसला, की मटेरियल मॉडेल तपासा. सॉल्व्हरच्या सेटिंगमध्ये तास घालवू नका.

मग मॅग्निट्यूड तेच ठेवून फेज सुधारली तर चालेल का?

e^(−a|ω|) बाबतीत नाही, आणि हे थोडं धक्कादायक आहे. पॅली–वीनर यांच्या निकषानुसार ∫ |ln|H(ω)|| / (1+ω²) dω हे इंटिग्रल सांत असावं लागतं, तरच त्या मॅग्निट्यूडला साजेशी एखादी फेज सापडते आणि सिस्टीम कारण-परिणामाचा क्रम पाळते. इथे अंश a|ω| आहे, त्यामुळे इंटिग्रल लॉगरिदमिक गतीने अनंताला जातं. कोणतीही फेज लावा, उपयोग नाही. अर्थ असा की स्थिर लॉस टॅन्जंट अनंत फ्रिक्वेन्सीपर्यंत चालूच शकत नाही. कुठेतरी वर त्याला पडावं लागतं.

म्हणून चांगल्या सिम्युलेटरमध्ये एफआर-४ साठी जॉर्जेविच–सरकार मॉडेल असतं, २००१ मधलं. कल्पना सोपी आहे: एका खालच्या ω₁ पासून एका वरच्या ω₂ पर्यंत लॉस जवळपास सपाट, त्यापलीकडे दोन्हीकडे विरत जाणारा:

ε(ω) = ε∞ + [Δε / ln(ω₂/ω₁)] · ln[(ω₂ + jω)/(ω₁ + jω)]

हे एकच कॉम्प्लेक्स फलन असल्यामुळे दोन्ही भाग जन्मतःच बांधलेले आहेत. मधल्या पट्ट्यात यातून ε″ = (π/2)·Δε/ln(ω₂/ω₁) येतो आणि ln ω नुसार ε′ चा उतार −Δε/ln(ω₂/ω₁); गुणोत्तर बरोबर 2/π, वरच्या हिशेबासारखं. वापरताना तुम्ही एकाच फ्रिक्वेन्सीवरचे ε′ आणि लॉस टॅन्जंट देता, बाकी मॉडेल सांभाळतं. माझ्या मते डेटाशीटवरचा आकडा कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आहे हे न बघता तो भरणं, ही मॉडेल न वापरण्याइतकीच मोठी चूक आहे.

मोजमाप तर ठरावीक पट्ट्यातच असतं. अनंतापर्यंतचं इंटिग्रल कसं घ्यायचं?

घेता येत नाही, आणि खरी मेहनत इथेच आहे. व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर खाली कुठेतरी सुरू होतो, वर कुठेतरी थांबतो. राहिलेल्या भागाने किती बिघडतं हे आरसी सर्किटवर स्वच्छ दिसतं. समजा डेटा ω = 10 पर्यंतच आहे.

R वरून ω = 1 चा X काढला तर राहिलेल्या शेपटीचं योगदान फक्त ०.०००२ आहे, उत्तर −०.५ च्या अगदी जवळ. R हा 1/ω² ने पडतो, त्यामुळे शेपूट हलकी. पण X वरून ω = 1 चा R काढला तर शेपटीचे ०.०६४ हरवतात: ०.५ ऐवजी ०.४३६. तेराएक टक्क्यांची चूक, आणि तीही पट्ट्याच्या टोकापासून दहापट दूर. X फक्त 1/ω ने पडतो, म्हणून. सिस्टीम पूर्ण शुद्ध आहे, तरी भोळेपणाने तपासणारा म्हणेल की नातं मोडलं.

यावर उपाय वजाबाकीचा. एका फ्रिक्वेन्सीवर R ठाऊक असेल, समजा R(0) = 1 डीसीला मल्टिमीटरने मोजला, तर ω साठीच्या सूत्रातून 0 साठीचं सूत्र वजा करा:

R(ω) − R(0) = (2ω²/π) P∫₀^∞ X(ω′) / [ω′(ω² − ω′²)] dω′

आता छेदात ω′ च्या दोन घाती जास्त आल्या, शेपूट 1/ω⁴ ने पडते, आणि त्याच डेटावर चूक ०.०६४ वरून ०.०००२ वर येते. R(∞) ची गरजही संपली. मोजमाप करणाऱ्याने इंटिग्रल कधी उघडं लावू नये, निदान एक ठाऊक बिंदू वजा करून लावावं. पट्ट्याच्या अगदी टोकाजवळची उत्तरं मात्र वजाबाकीनेही सुधारत नाहीत. तिथली सोडून द्या.

फाइलमधला एस-पॅरामीटर डेटा कारण-परिणाम पाळतो का, हे पटकन कसं बघू?

इंटिग्रलच्या भानगडीत न पडता उलट ट्रान्सफॉर्म घ्या आणि ऋण काळात काय आहे ते बघा. नातं जन्मलं ते तिथूनच.

```python
import numpy as np
# H: 0 Hz पासून, समान अंतरावरचे बिंदू
W = np.hanning(2*len(H))[len(H):]
h = np.fft.irfft(H * W)
n = len(h)
early = np.sum(h[n//2:]**2) / np.sum(h**2)
```

irfft च्या उत्तराचा दुसरा अर्धा म्हणजे ऋण काळ, कारण डिस्क्रीट ट्रान्सफॉर्म गोल फिरतो. `early` म्हणजे त्या अर्ध्यातला ऊर्जेचा वाटा. तीन ठिकाणी फसगत होते. डेटात 0 Hz चा बिंदू नसतो. तो नीट वाढवून घ्या, शून्य भरू नका. विंडो न लावता पट्टा कापला तर दोन्हीकडे लहरी उठतात आणि त्या ऋण काळातही सांडतात; विंडो लावल्यावरही मुख्य शिखर थोडं रुंद होतं, त्यामुळे t = 0 ला चिकटून असलेल्या रिफ्लेक्शनसाठी ही कसोटी अंधुक आहे. तिसरं, फ्रिक्वेन्सीची पावलं लांब असतील तर उशिरा येणारा खरा प्रतिसाद गुंडाळून ऋण काळात शिरतो. पावलाचा व्यस्त हा तुमच्याकडचा एकूण काळ. १० मेगाहर्ट्झच्या पावलाला १०० नॅनोसेकंद. त्यातला निम्माच धन काळासाठी आहे.

आणि फिक्स्चर डी-एम्बेड करताना, म्हणजे जोडणीच्या भागाचा परिणाम मोजमापातून काढून टाकताना, जास्त लांबी कापली गेली, तर स्वच्छ मोजमापही 'आधी पोचणारं' होतं. `early` अचानक वाढला तर आधी तिथे बघा.

मॅग्निट्यूड आणि फेज यांनाही हेच लागू होतं का?

तेवढं घट्ट नाही. शुद्ध विलंब e^(−jωT) घ्या. R = cos ωT, X = −sin ωT; हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मचं नातं तंतोतंत जुळतं. T ऋण केला, म्हणजे सिग्नल आधी पोचणारी अशक्य सिस्टीम घेतली, तर R तोच राहतो पण X = +sin ωT होतो आणि नातं मोडतं. वास्तव-काल्पनिक भागांच्या नात्याने चोर बरोबर पकडला.

मॅग्निट्यूड मात्र दोन्हीकडे १ आहे. ln|H| शून्य, तेव्हा मॅग्निट्यूडवरून काढलेली फेज शून्य, पण खरी फेज −ωT. कारण असं: मॅग्निट्यूड-फेजचं नातं H ला नव्हे, ln H ला लावतात, आणि H चे शून्यबिंदू चुकीच्या अर्ध्या प्रतलात असले, किंवा वर विलंब चढलेला असला, की ln H त्या अटी पाळत नाही. फक्त मिनिमम-फेज सिस्टीमला गेनवरून फेज मिळते. बोडे यांचा 'दर दहापटीला २० डेसिबल उतार म्हणजे ९० अंश' हा नियम तिथलाच आहे. केबल किंवा ट्रेसवर तो वापरायचा तर आधी विलंब वेगळा काढावा लागतो.

नातं मोडलेलं दिसलं, म्हणजे सिस्टीम भविष्य बघते असाच अर्थ का?

बहुतेक वेळा अर्थ असतो की मोजमाप किंवा मॉडेल चुकलंय. पण एक तिसरी शक्यता आहे: सिस्टीम अस्थिर आहे. H = 1/(jω − 1) घ्या. R = −1/(1+ω²), त्यावरून नातं X = +ω/(1+ω²) सांगतं; प्रत्यक्षात X = −ω/(1+ω²). चिन्ह उलटं. ही कारण-परिणाम पाळणारी, पण e^t ने वाढत जाणारी सिस्टीम असू शकते, जिचा फूरिये ट्रान्सफॉर्मच अस्तित्वात नाही. किंवा ऋण काळात जगणारी स्थिर सिस्टीम. केवळ H कडे बघून दोन्हींत फरक करता येत नाही. निष्क्रिय बोर्डावर हा प्रश्न येत नाही, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या मॉडेलमध्ये व्हेक्टर फिटिंगने एखादा पोल उजव्या बाजूला बसवला असेल तर अगदी हेच घडतं. तिथे इंटिग्रलशी झगडू नका. पोलची यादी काढा आणि वास्तव भाग धन असलेला पोल शोधा.